लाल पेनाने लिहिलेलं औषध

औषधशास्त्र विभागात रेसिडेंट म्हणून रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता. वॉर्डातून फोन आला, "अमॉक्सिसिलिनची रॅश आहे, एडीआरचा फॉर्म भरून टाक." एडीआर म्हणजे औषधाचा दुष्परिणाम. पेशंट 46 वर्षांच्या बाई. केसपेपरवर लाल पेनाने तेच ठळक लिहिलेलं होतं.

नावाची आद्याक्षरं, वय, वजन पटापट भरलं. 'रिॲक्शन सुरू झाल्याची तारीख' या रकान्यात 3 जुलै टाकली. मॅडमनी ती खोडली. "ही तर ॲडमिशनची तारीख. त्रास कधी सुरू झाला?"

पुन्हा खाटेपाशी गेलो. बाईंच्या यजमानांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळ्या स्ट्रिप आणून दाखवल्या. मागच्या पानावर मी नुसत्या तारखा एकाखाली एक मांडल्या. 3 जूनला चेहऱ्यातल्या कळांसाठी कार्बामाझेपिन सुरू. 29 जूनला ताप. 30 जूनला गावातल्या डॉक्टरांकडून अमॉक्सिसिलिन. 1 जुलैला संध्याकाळी छातीवर पुरळ. 3 जुलैला चेहरा सुजला म्हणून दाखल.

म्हणजे ताप अँटिबायोटिकच्या आदल्या दिवशीचा होता. त्या तापासाठीच तर ते दिलं होतं. शिवाय रक्तात ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी 18 टक्के, यकृताला इजा दाखवणारं एएलटी पाचपट. पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज, यकृतावर परिणाम, हे चित्र 'ड्रेस' नावाच्या गंभीर औषध-रिॲक्शनचं, आणि ते बहुधा औषध सुरू झाल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं. ताप आला तो कार्बामाझेपिनचा 27वा दिवस होता. केसपेपरात मात्र त्याचा उल्लेख 'ट्रीटमेंट चालू' एवढाच.

संशयित औषधांत पहिलं कार्बामाझेपिन लिहिलं. अमॉक्सिसिलिन काढलं नाही, दुसऱ्या ओळीत ठेवलं. पुरळ त्यानंतरच उठलं होतं, तेव्हा ते लपवण्याचा हक्क मला नव्हता. कार्यकारणभाव पहिल्यासाठी 'प्रोबेबल', दुसऱ्यासाठी 'पॉसिबल'.

'औषध बंद केल्यावर त्रास कमी झाला का?' या रकान्याने मला सगळ्यात जास्त छळलं. उत्तर 'हो' होतं, पण दोन्ही औषधं 3 तारखेलाच बंद केलेली आणि 4 तारखेपासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू. त्या 'हो'वरून दोषी कोण ते ठरत नाही. तसं वर्णनाच्या रकान्यात सरळ लिहून टाकलं.

गंभीरतेत 'हॉस्पिटलायझेशन'वर खूण केली. परिणामाच्या रकान्यात 'रिकव्हर्ड' लिहिणार होतो, कारण डिस्चार्ज कार्डावर 'पेशंट बरी' होतं. पण 12 जुलैला एएलटी अजून दुप्पट होतं, हातांची साल निघत होती. म्हणून 'रिकव्हरिंग'. सहा आठवड्यांनी ओपीडीत रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा त्याच केसचा फॉलो-अप पाठवून 'रिकव्हर्ड' केलं.

त्या दिवशी बाईंचं टाळायच्या औषधांचं जुनं कार्डही मागून घेतलं. वरच्या ओळीत आता कार्बामाझेपिन आहे. खाली फेनिटॉइनही टाळावं असं लिहिलंय, कारण ते त्याच घराण्यातलं. अमॉक्सिसिलिनपुढे प्रश्नचिन्ह.