अंतर्वक्र भिंग आणि उणे साठचा घोटाळा

"संकल्पना स्पष्ट नाही." दहावीतल्या माझ्या मुलाच्या सराव पेपरात किरणाकृतीवर आडवी काट मारून क्लासच्या सरांनी लाल शाईने एवढंच लिहिलं होतं. कुठली संकल्पना, कोणत्या किरणापाशी गाडी घसरली, याचा पत्ता नाही. शंकांच्या तासाला तो वही घेऊन गेला, तर तिथल्या मदतनीस सरांनी उभ्या उभ्या सांगितलं, "अंतर्वक्र भिंगात समांतर किरण पसरतो, तेवढं सुधार." त्या 'तेवढं'ने आमचा आठवडा खाल्ला. शेवटी मीच आलेखाचा कागद घेऊन बसले.

प्रश्न साधा होता. २० सेमी नाभीय अंतराच्या अंतर्वक्र भिंगापासून ३० सेमीवर ५ सेमी उंचीची वस्तू आहे. किरणाकृती काढून प्रतिमेचं स्थान, उंची आणि स्वरूप सांगा.

मूळ उत्तरात भिंगाचा आकार अंतर्वक्र, पण किरण सगळे बहिर्वक्राचे. समांतर किरण भिंगातून पलीकडच्या नाभीत उतरवला होता आणि दुसरा किरण प्रकाशीय केंद्रातून सरळ सोडला होता. ते पलीकडे ६० सेमीवर छेदले. प्रतिमा वास्तव, उलटी, दुप्पट म्हणजे १० सेमी. सूत्रातही f म्हणून +२० घातल्यामुळे v बरोबर +६० आला. पठ्ठ्याचं म्हणणं, आकृती आणि गणित जुळतंय, मग चूक कशी? आता दोन्हीकडे भिंग बहिर्वक्रच धरलंय म्हटल्यावर जुळणारच. आकृतीवरून गणित तपासायचं तर निदान नाभीचं चिन्ह तरी नव्याने ठरवायला हवं.

ही चूक मला पहिल्या नजरेत दिसली. खरी गंमत त्या अर्धवट सल्ल्यानंतर झाली.

त्याने सांगितल्याप्रमाणे समांतर किरण सुधारला. भिंगातून बाहेर पडताना तो पसरला, आणि मागे वाढवल्यावर वस्तूच्या बाजूच्या नाभीतून आल्यासारखा दिसला. इथवर उत्तम. दुसरा किरण मात्र त्याने या वेळी केंद्रातून न नेता नाभीतून नेला: वस्तूच्या टोकापासून जवळच्या नाभीतून खाली, भिंगावर अक्षाच्या १० सेमी खाली आपटून पुढे अक्षाला समांतर. हा नियम बहिर्वक्राचा! पण तो कुणी खोडलाच नव्हता. मग दोन्ही बाहेर पडलेले किरण तुटक रेषांनी मागे वाढवले, तर ते वस्तूच्याच बाजूला, भिंगापासून ६० सेमीवर, अक्षाखाली १० सेमीवर भेटले.

म्हणजे v = −६०. आणि गणितात? तिथे त्याने f +२० च ठेवला होता, आणि 'अंतर्वक्र म्हणजे उणे' म्हणून आलेल्या ६० ला शेवटी उणे चिन्ह चिकटवलं होतं. पुन्हा आकृती आणि गणित जुळलं. "आई, अगं चिन्ह उणे आलंय, म्हणजे आभासी. अंतर्वक्राची प्रतिमा आभासीच असते ना?" मला क्षणभर उत्तर सुचेना, कारण वाक्य म्हणून त्याचं खरं होतं.

घोटाळा उघडा पाडला तो तिसऱ्या किरणाने. केंद्रातून जाणारा किरण दोन्ही भिंगांत सरळच जातो, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. वस्तूच्या टोकापासून केंद्रातून जाणारी रेषा मागे वाढवली, तर ६० सेमीवर ती अक्षाच्या वर १० सेमीवर असते. याची प्रतिमा अक्षाखाली १० सेमीवर. दोन रेषा कुठेतरी छेदतातच, त्यामुळे दोन किरणांची आकृती खोटं बोलू शकते. तिसरा किरण त्याच बिंदूतून गेला नाही तर आधीच्या दोघांपैकी एक चुकलाय. (पेपरात दोनच किरण काढा, पण तिसरा फिक्या पेन्सिलने पट्टी लावून बघून घ्या. मला हे कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.)

दुसरा किरण असा हवा: वस्तूच्या टोकापासून निघताना त्याचा रोख पलीकडच्या नाभीकडे असतो, पण तिथे पोहोचण्याआधीच भिंग त्याला अक्षाला समांतर करतं. आपल्या उदाहरणात तो भिंगाला अक्षाच्या २ सेमी वर लागतो आणि तिथूनच आडवा होतो. तो मागे वाढवला की समांतर किरणाच्या तुटक रेषेला भिंगापासून १२ सेमीवर छेदतो, आणि केंद्रातला किरणही तिथूनच जातो. गणित:

1/v = 1/f + 1/u = −1/20 − 1/30 = −1/12

v = −१२ सेमी, आणि विशालन (−१२)/(−३०) = ०.४. म्हणजे ५ सेमीच्या वस्तूची २ सेमीची, आभासी, सुलट, लहान प्रतिमा. उणे चिन्ह f मध्ये सुरुवातीलाच घालायचं असतं. उत्तराला मागून लावलं की −६० सारखं काहीतरी हाती येतं.

खऱ्या वस्तूसाठी अंतर्वक्र भिंगाची प्रतिमा नाभी आणि केंद्र यांच्या मध्येच पडते, म्हणजे इथे २० सेमीच्या आतच. त्यामुळे ६० हा आकडा दिसल्याबरोबर, चिन्ह कुठलंही असो, हात थांबायला हवा होता.

पण 'का' याचं उत्तर पाठांतराने मिळेना, तेव्हा मी माझा चष्मा काढून दिला. नंबर −५, म्हणजे नाभीय अंतर १ भागिले ५ मीटर, नेमकं २० सेमी. छापील पानापासून ३० सेमीवर धरला की अक्षरं बारीक, पण सुलट दिसतात. भिंतीवर खिडकीची प्रतिमा पाडायचा त्याने खूप प्रयत्न केला, काही पडली नाही. मग महाशयांनी हरकत घेतली, "पण ही काच तर बाहेर फुगलेली आहे, म्हणजे बहिर्वक्रच ना?" हरकत चांगली होती. चष्म्याची काच बाहेरून फुगीर आणि आतून त्याहून जास्त खोलगट असते. ठरवायचं ते जाडीवरून: कडेला जाड, मध्ये पातळ असेल तर अंतर्वक्राचं काम. हवेतल्या काचेत प्रकाश, लोलकात जसा पायाकडे वळतो तसा, जाड भागाकडे वळतो. अंतर्वक्रात जाड भाग कडेला, म्हणून किरण अक्षापासून दूर जातात. बहिर्वक्रात तो मध्ये, म्हणून अक्षाकडे येतात. हे कळल्यावर किरणांचे नियम घोकावे लागले नाहीत, तेच काढता आले.

पाण्यात असलेल्या हवेच्या भिंगाला मात्र हा नियम उलटा लागतो, पण तो दहावीला विचारत नाहीत.

सुधारलेली आकृती घेऊन तो परत गेला. सरांनी बरोबर म्हणून खूण केली, गुण काही वाढवले नाहीत. वाढवावेत अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण काट मारताना त्या चुकीच्या किरणाला निदान एक गोल करायला काय लागतं?

हां, आकृतीचं प्रमाण सांगायचं राहिलं. आडवं १ सेमीला ५ सेमी घ्या, म्हणजे वस्तू ६ सेमीवर, नाभी ४ वर, प्रतिमा २.४ वर येते. उभं प्रमाण वेगळं घेतलं तरी चालतं, फक्त ते कोपऱ्यात लिहा. आणि मागे वाढवलेले किरण तुटकच ठेवा. सलग काढलेल्या रेषेवरून परीक्षक ती वास्तव समजतात आणि अर्धा गुण जातो.