ग्रुपवरून गेलेला फोटो

दुपारपासून मन कशात लागत नाही. सकाळी ग्रुपवर माझ्या पीपीओचे, म्हणजे पेन्शनच्या पुस्तकाचे, फोटो होते, पुढच्या पानाचा आणि मागच्या. चष्मा पुसून सावकाश बघू म्हणून ठेवले. जेवून उठलो तर तिथे मेसेज काढून टाकल्याची नुसती ओळ. काढला माझ्या पुतण्याने, बाळूनेच. एका शब्दाने सांगितलं नाही.

आवक-जावकच्या टेबलावर उभी नोकरी गेली. तिथे फाइलीतला कागद असा नाहीसा होत नसे. चुकीचा असला तरी लाल शाईने आडवी रेघ, खाली सही, तारीख. पान तिथेच राहायचं. कोणी काढलं, का काढलं, हे मागून येणाऱ्याला कळायचं. इथे मला माझ्याच कागदाचं कळेना. म्हाताऱ्याच्या कामाचं काय एवढं, असं त्याला वाटलं असेल का? की थोरल्या वहिनींनी आकडा वाचून जे लिहिलं, त्यामुळे? ते जाऊ दे.

मग बसून पत्रच लिहिलं. फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो.

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

गावाकडची ट्रंक उघडून पुस्तक शोधलंस, फोटो काढलेस, त्यात तुझा अख्खा रविवार गेला हे मला ठाऊक आहे. ते फोटो मला परत पाठव. कशाला हवेत ते सांगतो.

मी 2010च्या जुलैअखेर निवृत्त झालो. पेन्शन 8,000 बसली. त्यातली 40 टक्के, म्हणजे 3,200, मी एकरकमी पैसे घेऊन विकली, ताईच्या लग्नासाठी. हातात 4,800 राहिले. महागाई भत्ता मात्र पूर्ण 8,000 वरच मिळायचा. पुढे सातव्या वेतन आयोगात पेन्शन 2.57 पटीने वाढून 20,560 झाली, पण कपात त्याच 3,200 ची राहिली. ही कपात पंधरा वर्षांनी थांबते आणि विकलेला भाग परत सुरू होतो.

प्रश्न तारखेचा आहे. पंधरा वर्षं निवृत्तीपासून मोजत नाहीत, कपात सुरू झाली तिथपासून मोजतात. माझे विक्रीचे पैसे उशिरा आले, दिवाळी उलटून गेली होती एवढं आठवतं. महिना आठवत नाही आणि तेव्हाचं बँकेचं पासबुक राहिलेलं नाही. पुस्तकाच्या मागच्या पानावर कोषागाराने विक्रीची रक्कम दिल्याची नोंद केलेली आहे, शिक्का आणि तारखेसकट. मला ती ओळ वाचायची आहे. कोषागाराच्या संगणकात ही तारीख भरायची राहिली किंवा चुकली, तर मुदत संपली तरी कपात चालूच राहते. पेन्शन 3,200 ने वाढून आली नाही की समजायचं, तारीख अडली. मग अर्जासोबत त्या पानाची प्रत जोडावी लागते.

पाठवताना साधा फोटो म्हणून पाठवू नकोस. तो बारीक होऊन येतो आणि शिक्क्यातला 1 आणि 7 एकसारखा दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव, फक्त माझ्या नंबरवर. पान उजेडात सपाट धर, शिक्क्यावर सावली नको.

इथवर लिहिलं आणि हात थांबला. फक्त माझ्या नंबरवर, असं मीच लिहिलं होतं. पहिल्या पानावर पीपीओ नंबर, जन्मतारीख, बँकेचा खाते क्रमांक, माझा आणि हिचा जोडफोटो, सही. ग्रुपवर आता जावई, त्यांचे भाऊ, कोण कोण आहेत. हयातीच्या दाखल्याचं निमित्त करून पेन्शनरांना फोन येतात, ते लोक नेमकं हेच विचारतात. आमच्यातल्या एकाने सांगून टाकलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बाळूला हे सुचलं असणार. मला सकाळी सुचलं नाही, कारण मी आकडाच बघत होतो.

तरी सांगायला हवं होतं. एवढं मला अजूनही वाटतं. तात्या, इथून काढतोय, तुम्हाला वेगळा पाठवतो, बस. पण तो तिकडे ट्रंकेपाशी, धुळीत, गाडीची वेळ झालेली. पाठवायचं राहिलं असेल. त्याचा बापही असाच होता, काम चोख आणि तोंड बंद. माझं त्याच्याशी कधी भांडण झालं नाही. आता होऊन काय उपयोग.

पत्राच्या शेवटी एवढं जोडलं:

ग्रुपवरून काढलंस ते योग्य केलंस. पुढच्या वेळी मला एक ओळ टाक. मूळ पुस्तक ट्रंकेत परत ठेवू नकोस, पावसात त्या भिंतीला ओल येते. येताना घेऊन ये. मागचं पान मात्र आज रात्रीच पाठव, कोषागारात जायचं आहे. काकूने विचारलंय, आईचा गुडघा कसा आहे.

— तात्या