आमची वाटचाल : बिन कार्डावरची लाल रेघ ५० वरून ८० वर कशी गेली

यंत्रांचे सुटे भाग विकणारी आमची फर्म सुरू केली तेव्हा साठा सांभाळण्याचं सगळं शास्त्र रॅकला टांगलेल्या बिन कार्डावर होतं. माल गेला की शिल्लक खोडून नवी लिहायची आणि आकडा लाल रेघेखाली आला की ऑर्डर टाकायची. आमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या बेअरिंगच्या कार्डावर ही रेघ ५० वर होती. रोज सरासरी ५ नग जातात, पुरवठादाराकडून माल यायला सरासरी ८ दिवस लागतात, म्हणून ४० आणि वर १० हाताशी असू देत, असा तो हिशेब. ऑर्डर दर वेळी १५० नगांची. बरीच वर्षं आम्ही या रेघेवर विसंबून होतो.

मागच्या वर्षी धाकट्या बहिणीने हिशेबाचं काम हाती घेतलं आणि पहिल्याच महिन्यात विचारलं, "दादा, हे बेअरिंग वर्षात किती वेळा संपतं?" मी म्हणालो, क्वचित. मला पायथन थोडं येत होतं, म्हणून मी आकडाही काढून दाखवला. रोजची मागणी पॉयसाँ वितरणाची, म्हणजे नग एकमेकांशी संबंध नसताना सुटे सुटे जातात अशी, धरली, ८ दिवसांची सरासरी ४०, आणि ती ५० च्या पुढे जाण्याची शक्यता आली सुमारे ५ टक्के. म्हणजे २० ऑर्डरींत एकदा. तिने माझ्यासमोर रजिस्टर उघडून ठेवलं. वर्षात १० ऑर्डरी गेल्या होत्या आणि त्यांतल्या ३ वेळा माल येण्याआधी रॅक रिकामा झाला होता. सूत्र आणि रजिस्टर यांच्यातली ही तफावत मला झोपू देईना, आणि तिथून पुढचं सगळं काम सुरू झालं.

पहिलं काम मागणीची खरी यादी तयार करण्याचं. बिलिंग सॉफ्टवेअरमधून तारीखवार विक्री काढली तर रोजची सरासरी ५ नाही, ६ आली. कारण साधं होतं. ज्या दिवशी त्या बेअरिंगचं एकही बिल झालं नाही त्या दिवसाची ओळच अहवालात नसते. आमचे कामाचे दिवस ३१२ होते आणि अहवालात ओळी होत्या फक्त २५०. उरलेल्या ६२ दिवसांत शून्य भरायला मी निघालो होतो, पण बहिणीने थांबवलं. त्यांतले १२ दिवस रॅकच रिकामा होता. त्या दिवशी विक्री शून्य असली तरी मागणी शून्य नव्हती. गिऱ्हाईक विचारून परत गेलं होतं. ते १२ दिवस यादीतून वगळले आणि बाकीच्या ५० दिवसांना शून्य दिलं. आता ३०० दिवस, १५०० नग, सरासरी बरोबर ५. विक्रीचं रजिस्टर म्हणजे मागणीचं रजिस्टर नव्हे, हे मला या ६२ दिवसांनी शिकवलं.

ती यादी नुसती डोळ्यांखालून घातली तरी पॉयसाँ कुठे फसलं ते दिसत होतं. सरासरी ५ असताना पॉयसाँच्या हिशेबाने ३०० दिवसांत शून्य मागणीचे दिवस दोनच यायला हवेत. आमच्याकडे ५० होते. दिवसाला १३ किंवा जास्त नग जाण्याचा प्रसंग जेमतेम एखादा यावा. आमच्याकडे असे २८ दिवस. आमची गिऱ्हाइकं म्हणजे दुरुस्तीची कामं घेणारी माणसं. ती आठ दिवस फिरकत नाहीत आणि आली की एकदम १८ नग उचलतात. सरासरी तीच राहते, पण चढउतार कितीतरी मोठा असतो.

म्हणून कुठलंही वितरण न मानता आपल्याच ३०० दिवसांतून रोज एक दिवस चिठ्ठीसारखा उचलायचा, असं ठरवलं. माल यायला लागलेल्या दिवसांचंही तेच. जुन्या फायलींतून शेवटच्या २० ऑर्डरी काढल्या: ५ वेळा ६ दिवस, ७ वेळा ७, ४ वेळा ८, तीनदा १२ आणि एकदा १३. सरासरी ८ च. प्रोग्राम एवढाच आहे:

```python
import random

def chachani(s, Q, magni, lead, divas=100_000):
    shillak, yenar = s + Q, None
    fera, tutla, kami = 0, 0, False
    for d in range(divas):
        if yenar == d:              # माल आला
            shillak += Q
            fera += 1
            tutla += kami
            yenar, kami = None, False
        m = random.choice(magni)
        if m > shillak:
            kami = True
        shillak = max(shillak - m, 0)
        if shillak <= s and yenar is None:
            yenar = d + random.choice(lead) + 1
    return tutla / fera
```

यात `s` म्हणजे लाल रेघ आणि `Q` म्हणजे एका ऑर्डरीचे नग. दिवस संपताना शिल्लक बघायची, रेघेवर किंवा खाली असेल तर ऑर्डर टाकायची, आणि मध्ये तेवढे पूर्ण विक्रीचे दिवस जाऊन माल सकाळी येणार. एक फेरी म्हणजे एका ऑर्डरीचा माल येईपर्यंतचा काळ. त्यात एकदा जरी मागणी शिलकीपेक्षा जास्त झाली तर ती फेरी तुटली असं मोजलं.

माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ऑर्डर येण्याचा दिवस एका यादीत जात होता आणि `yenar is None` सारखी अटच नव्हती. उत्तर आलं : माल तुटण्याची शक्यता फारच कमी. आनंद व्हायच्या आत बहिणीने सरासरी शिल्लक छापायला सांगितली, ती रॅकमध्ये मावणार नाही इतकी निघाली. शिल्लक ५० च्या खाली असेपर्यंत प्रोग्राम रोज संध्याकाळी १५० ची नवी ऑर्डर टाकत होता. आधीचा माल वाटेत आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. ऑर्डर ठरवताना हातातला अधिक वाटेतला माल बघायचा असतो. आमची ऑर्डर १५० ची आणि रेघ त्याहून बरीच खाली, म्हणून एका वेळी एकच ऑर्डर वाटेत असते आणि ही साधी अट पुरते. ऑर्डर लहान आणि रेघ उंच असेल तर वाटेतल्या सगळ्या ऑर्डरींची बेरीज ठेवावी लागेल. तेव्हापासून शक्यतेच्या आकड्याबरोबर सरासरी शिल्लक छापल्याशिवाय मी कुठल्याही उत्तरावर विश्वास ठेवत नाही.

दुरुस्त प्रोग्रामने ५० च्या रेघेला उत्तर दिलं ते सुमारे ३४ टक्के. तीन फेऱ्यांत एक. रजिस्टरमधल्या १० पैकी ३ शी ते जुळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा प्रोग्राम आपलंच दुकान चालवतोय. पण आमची अवघ्या १० फेऱ्यांची तुलना तशी कच्चीच. नुसतं एक वर्ष चालवलं तर तोच प्रोग्राम कधी १० पैकी १ सांगतो, कधी ६. म्हणून १ लाख दिवस चालवायचे. एक फेरी सरासरी ३० दिवसांची, म्हणजे साधारण ३,३०० फेऱ्या होतात आणि उत्तर एखाद्या टक्क्याच्या आसपासच हलतं.

हे ३४ कुठून आले, तेही शोधलं. एक तर मोठे दिवस. दुसरं असं की ऑर्डर बरोबर ५० शिल्लक असताना क्वचितच जात होती. सकाळी शिल्लक ५३ असते, दुपारी एक जण १५ घेऊन जातो आणि संध्याकाळी ऑर्डर टाकताना कार्डावर ३८ असतात. आमच्या मागणीत ही घसरण सरासरी ५ नगांची निघाली. आमच्या १० नगांच्या राखीव साठ्यातला निम्मा ऑर्डर टाकण्यापूर्वीच संपलेला असायचा.

मी हा आकडा सांगितला तेव्हा आमचे स्टोअरकीपर काका नाराज झाले. "साहेब, तीनातून एक दिवस रॅक रिकामा? असं कधी झालंय?" ते बरोबर होते आणि आकडाही बरोबर होता. ३४ टक्के फेऱ्या तुटतात. दिवस मोजले तर १०० त चारच्या आत येतात. रोज रॅकसमोर उभ्या असलेल्या माणसाला चार दिसतात, ऑर्डर टाकणाऱ्याला ३४. आपण कुठला आकडा बोलतोय ते आधी ठरवलं नाही तर माणसं विनाकारण भांडतात. आम्ही फेरीचा धरला, कारण गिऱ्हाईक एकदा परत गेलं की पुढच्या वेळी ते दुसरीकडेच आधी विचारतं.

मग रेघ वर सरकवत गेलो. ६० ला सुमारे २० टक्के, ७० ला ११, ८० ला ६. बहिणीने लगेच ३० नगांत अडकणारे पैसे काढले. आमच्या मते तीन गिऱ्हाइकं गमावण्यापुढे ते परवडणारे होते, म्हणून रेघ ८० वर नेली.

पण उरलेल्या ६ टक्क्यांनी मला जास्त शिकवलं. तुटलेल्या फेऱ्या लीड टाइमप्रमाणे, म्हणजे माल यायला लागलेल्या दिवसांप्रमाणे, वेगळ्या केल्या, तर ८० च्या रेघेवर तुटणाऱ्या दर चार फेऱ्यांपैकी तीन १२ किंवा १३ दिवसांच्या होत्या. अशा ऑर्डरी मुळात २० त चारच. ५० च्या रेघेवर उशीर इतका उठून दिसत नव्हता, कारण तिथे वेळेवर आलेल्या मालातही फेरी तुटायची. मग लीड टाइमच्या यादीतून उशिराच्या चार ऑर्डरी काढून टाकल्या आणि ७० ची रेघ तपासली. उत्तर आलं सुमारे ४ टक्के. म्हणजे पुरवठादाराने उशीर टाळला तर १० नग कमी ठेवून आजच्यापेक्षा चांगलं चालेल.

हा कागद घेऊन मी पुरवठादाराकडे गेलो. कळलं की आमचा माल तयार असतो, पण गाडी भरायची वाट बघत गोदामात पडून राहतो. ठरलेल्या वारी, गाडी अर्धी असली तरी, माल सोडायचं त्यांनी मान्य केलं आहे.

या चाचणीला मर्यादा आहेत आणि आम्ही त्या धरून चालतो. एकेक दिवस सुटा उचलल्यामुळे सलग येणारे मोठे दिवस विस्कटून जातात. म्हणून आता सलग ५ दिवसांचे तुकडे उचलूनही एकदा चालवून बघतो. उत्तर बरंच वाढलं तर मोठे दिवस घोळक्याने येताहेत असं समजायचं. दुसरी मर्यादा लीड टाइमची : यादीतला सगळ्यात मोठा आकडा १३ आहे, त्यामुळे प्रोग्रामला १८ दिवसांचा उशीर कधी दिसणारच नाही.

काकांनी आता रॅकजवळ दुसरी वही टांगली आहे. रॅक रिकामा असताना कुणी विचारलं तर तारीख आणि नग तिथे लिहायचे, म्हणजे पुढच्या वर्षी ते दिवस वगळावे लागणार नाहीत. पुरवठादाराशी बोलणं झाल्यापासून ६ ऑर्डरी आल्या, सगळ्या ८ दिवसांच्या आत. २० झाल्या की यादी बदलून चाचणी पुन्हा चालवू; तोपर्यंत रेघ ८० वर आहे.