ओवाळणीच्या ताटात पुस्तक: आमच्या भेटकार्डाची वाटचाल

अंबाजोगाईत पुस्तकांचं दुकान चालवायचं म्हणजे वर्षाचे दोन हंगाम सांभाळायचे. जूनमध्ये शाळेची पुस्तकं आणि वह्या, आश्विनात दिवाळी अंक. एरवी कथा-कादंबऱ्या, चरित्रं, मुलांची पुस्तकं घेणारं गिऱ्हाईक येतं, पण थोडं. दिवाळीला मात्र गावात पैसा खेळतो. सोयाबीन मोंढ्यावर गेलेलं असतं, नोकरदारांचा बोनस झालेला असतो. तो पैसा मिठाईचे बॉक्स, काचेच्या ग्लासांचे सेट, टॉवेल-टोपी यांत जातो. ग्लासांचा सेट तर न उघडता कपाटावर बसतो आणि पुढच्या लग्नसराईत तिसऱ्याच घरी अहेर म्हणून जातो. यातला थोडा पैसा पुस्तकाकडे वळवायचा, हा आमचा भेटकार्डामागचा साधा हेतू.

आधी आम्ही पुस्तकांचे तयार संच बांधून ठेवायचो. लोक हातात घ्यायचे आणि अडायचे: "ताईनं हे वाचलेलं असलं तर?" जे नेले जात, त्यांतले काही संच दिवाळीनंतर बदलून घ्यायला परत येत. पहिल्या पानावर निळ्या शाईत 'सौ. ताईस सप्रेम' लिहिलेलं पुस्तक परत मांडणीत कसं लावायचं? देणाऱ्याची भीती खोटी नव्हती. दुसऱ्याची आवड ओळखून पुस्तक निवडणं खरंच अवघड असतं. म्हणून निवड घेणाऱ्यावर सोपवायची आणि पैसा मात्र पुस्तकाशीच बांधून ठेवायचा, असं ठरलं. देणाऱ्यानं कार्ड विकत घ्यायचं आणि ज्याला ते मिळेल त्यानं तेवढ्या रकमेची आपल्या आवडीची पुस्तकं दुकानातून न्यायची.

कार्डावर रक्कम किती छापायची यावर आमची बरीच चर्चा झाली. आपल्याकडे ओवाळणीत किंवा अहेरात गोल आकडा कुणी देत नाही, वर शकुनाचा रुपया लागतोच. म्हणून कार्डं केली २५१, ५०१ आणि १००१ रुपयांची. २५१ मध्ये मुलांची दोन-तीन पातळ पुस्तकं सहज येतात, ५०१ मध्ये मोठ्यांसाठी एखादी कादंबरी आणि वर एक दिवाळी अंक. कार्डाच्या मागे देणाऱ्यानं दोन ओळी लिहायला कोरी जागा ठेवली. पुस्तकाच्या पहिल्या पानाचं काम आता ती जागा करते.

नियम थोडेच आहेत. प्रत्येक कार्डाला क्रमांक असतो आणि तो दुकानातल्या वहीत चढतो. खरेदी एका वेळी संपवायची सक्ती नाही. कुणी ५०१ च्या कार्डावर ३२० चं पुस्तक नेलं, तर उरलेले १८१ कार्डामागे आणि वहीत, दोन्हीकडे लिहून सही होते. रोख परत देत नाही. कार्ड पुढच्या दिवाळीपर्यंत चालतं.

कार्डावर वह्या, पेन, शाळेची गाइडं मात्र मिळत नाहीत. यावर लोक नाराज होतात, पण आम्ही ठाम आहोत. ती खरेदी घरात कशीही होणारच असते, आणि कार्ड त्यात गेलं की भेट महिन्याच्या खर्चात विरघळून जाते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना मात्र परवानगी आहे. तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या पोराला त्या घडीला लागतं तेच पुस्तक आहे. त्याला आम्ही कादंबरी वाच म्हणून सांगणार नाही.

एका पतसंस्थेचं उदाहरण सांगतो, कारण आमची घडी तिथूनच बसली. सचिव आले आणि म्हणाले, "यंदा मिठाई नको, चाळीस जणांना काही तरी टिकणारं द्यायचंय." ५०१ ची चाळीस कार्डं, म्हणजे २०,०४० रुपये. त्यांनी साहजिकच दहा टक्के सवलत मागितली. आम्ही त्यांच्यासमोरच कागदावर हिशोब मांडला. सोयीसाठी कार्ड ५०० चं आणि छापील किमतीवर आमचं कमिशन ३० टक्के धरू. कार्डावर दहा टक्के सोडले तर आमच्याकडे ४५० येतात. दुकानात पुस्तकावर नेहमीची दहा टक्के सूट आहेच, म्हणजे घेणारा ५०० त ५५५ छापील किमतीची पुस्तकं नेतो. ती आम्हाला पडतात ३८८ ला. राहिले ६२ रुपये, आणि त्यातून कार्डाची छपाई, पाकीट, भाडं, दुकानातल्या मुलांचा पगार भागवायचा. म्हणून सूट एकदाच द्यायची, आणि ती वाचणाऱ्याला. सचिवांना ते पटलं. आम्ही पाकिटांवर संस्थेचं नाव छापून दिलं.

भाऊबीज झाली आणि त्यातले बरेच जण एकाच आठवड्यात आले. काही जण आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाच्या दुकानात, शाळेची खरेदी सोडून, आले होते. "काय वाचता?" असं विचारलं की ते अवघडून जायचे. म्हणून आम्ही "घरात कोण कोण आहे?" असं विचारू लागलो, आणि माणूस बोलता झाला. शिपाईमामा म्हणाले, "मला वाचायचं कळंना गेलंय, पण नात पहिलीत हाय." त्यांनी मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं नेली, आणि उरलेल्या पैशांसाठी नातीलाच घेऊन परत आले. एका वसुली अधिकाऱ्यानं आईसाठी पारायणाला जाड टाइपाची प्रत घेतली. कॅशियरताईंनी दिवाळी अंकच घेतले, सगळ्या पैशांचे.

या धंद्यातली खरी काळजी मात्र पैशाची आहे. कार्ड विकलं की गल्ला भरलेला दिसतो, पण ती कमाई नसते. पुस्तक अजून द्यायचं असतं. ते पैसे दिवाळीच्या मालात घातले, तर मार्गशीर्षात लोक कार्डं घेऊन येतात, पुस्तकं जातात, रोख येत नाही आणि प्रकाशकांची बिलं दारात उभी राहतात. आमच्याकडे कार्डाचा पैसा वेगळ्या खात्यात राहतो. कार्ड वापरलं जाईल तेवढीच रक्कम विक्रीत वळते. करापुरतं सांगायचं तर छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि कार्ड पुस्तकांपुरतंच असल्यानं आमचा हिशोब सुटसुटीत राहतो.

कार्ड वापरलंच गेलं नाही तर पैसे आम्हालाच राहतात, असं कुणी म्हणेल. ते पैसे आम्हाला नको आहेत. न वापरलेलं कार्ड म्हणजे एका घरात न पोचलेलं पुस्तक. म्हणून कार्ड देतानाच, चालत असेल तर, घेणाऱ्याचा फोन नंबर लिहून घेतो आणि महिन्याभरात वही चाळून ज्यांचं कार्ड पडून आहे त्यांना फोन लावतो. बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "येणं होईना." केज, धारूरकडच्या खेड्यातून फक्त पुस्तकासाठी कोण येणार? त्यांना फोनवरच विचारून पुस्तकं काढून ठेवतो. गावातलं कुणी दवाखान्याला किंवा बाजाराला आलं की त्याच्या हाती जातात.

आता पुण्याला नोकरीला गेलेली मुलंही कार्डं घेतात. ती पैसे फोनवरून भरतात आणि आम्ही कार्डाचं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवतो. ते चित्र घरच्या ग्रुपवर फिरतं आणि काका-पुतणे दोघंही तेच घेऊन दुकानात येतात, असं झालं आहे. त्यामुळे क्रमांकाबरोबर घेणाऱ्याचं नाव विचारतो, आणि वहीत जमा-खर्च बघूनच पुस्तक देतो.

यंदा कार्डं घटस्थापनेपासून मिळतील. संस्थांनी नावांची यादी कोजागरीपर्यंत द्यावी, कारण त्यानंतर पाकिटांची छपाई दिवाळीआधी होत नाही. आणि यादीत प्रत्येकाच्या घरी लहान मुलं आहेत का, एवढं लिहिलंत तर मुलांच्या पुस्तकांची मागणी प्रकाशकांकडे आम्हाला वेळेत नोंदवता येईल.