ईओडी म्हणजे नक्की किती वाजता?

ईओडी म्हणजे 'एंड ऑफ डे', दिवसाचं काम संपण्याची वेळ; पण कुणाच्या दिवसाचं? आज शुक्रवार. संध्याकाळी सहाला टीममधली नवीन मुलगी रडवेली झाली होती. न्यूयॉर्कच्या क्लायंटची मेल होती, 'रिपोर्ट शुक्रवार ईओडीपर्यंत पाठवा,' आणि तिला वाटलं, मुदत संपली! खरं तर तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे सध्या मुंबईत शनिवारची पहाट, साडेतीन. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग आपल्याकडे साडेचार. बिचारीने जेवणसुद्धा टाळलं होतं, याचं फार वाईट वाटलं.

तिच्याकडून लगेच उत्तर लिहून घेतलं: 'रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत मिळेल, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार.' शहराचं नाव मुद्दाम घातलं. नुसतं आयएसटी लिहिलं, तर आयर्लंड आणि इस्रायलची वेळही त्याच तीन अक्षरांत लिहितात.

बाकीच्या लघुरूपांचंही तसंच. आपसात एफवायआय, म्हणजे 'तुमच्या माहितीसाठी', खुशाल लिहा, सगळ्यांना कळतं. पीएफए, म्हणजे 'प्लीज फाइंड अटॅच्ड', मात्र बाहेरच्या माणसाला बऱ्याचदा कळत नाही; तिथे 'जूनचा विक्री अहवाल सोबत जोडला आहे' असं लिहिलं, की कुठली फाइल उघडायची तेही समजतं, आणि जोडायची राहिली असेल तर तो लगेच विचारतो.