साठ सेकंद तीन सेकंदांत

चतुर्थीच्या साफसफाईत माळ्यावर जुन्या रेसिंग गेमची सीडी सापडली. फोंड्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, म्हणून भाच्याच्या नव्या कॉम्प्युटरवर लावली. अ‍ॅरो दाबताच गाडी कठड्यावर! "मामा, तू हे खेळत होतास?" म्हणे.

गंमत म्हणजे पार्श्वसंगीत अगदी नेहमीच्याच लयीत. तिथेच शंका आली. आवाज साउंड कार्डच्या स्वतःच्या घड्याळावर चालतो. गाडी मात्र प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, ठरावीक अंतर सरकते, आणि गेमचा टायमरही फ्रेमच मोजतो. फ्रेमवर मर्यादा नाही, म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड सुसाट सुटलेलं.

मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. गेममधले ६० सेकंद ३ सेकंदांत संपले, म्हणजे वीसपट वेग. काउंटर सेकंदाला ६०० फ्रेम दाखवत होता. ६०० भागिले २०, म्हणजे मूळ गेम ३० फ्रेमसाठी लिहिलेला.

भाच्याने फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारं व्ही-सिंक चालू केलं. फरक पडला, पण त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा. व्ही-सिंक तिथवरच रोखतं, म्हणजे अजून जवळजवळ पाचपट. शेवटी फ्रेमवर मर्यादा घालणाऱ्या RivaTuner मध्ये Framerate limit समोर 30 टाकलं. स्टॉपवॉच आणि गेम जुळले.

मग भाच्याने तीन लॅप मारले आणि म्हणाला, "मामा, आता भारीच स्लो वाटतंय रे."