आमची वाटचाल: आधी माणूस, मग मिशा

सांगलीतलं आमचं दुकान मुळात फ्रेमिंगचं. वडील देवादिकांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो काचेत बसवून द्यायचे. फोटो फोनमध्येच राहायला लागले तसं ते काम आटलं. मी चित्रकला शिकलेलो, म्हणून निवृत्ती, एकसष्टी, लग्न अशा निमित्तांसाठी फोटोवरून अर्कचित्रं, म्हणजे चेहऱ्यातली ओळखीची खूण वाढवून काढलेली गमतीदार चित्रं, काढून द्यायला लागलो. बायको रंगकाम आणि हिशेब बघते. आज दुकान याच कामावर चालतं, फ्रेम त्याच्या जोडीला.

आमची चित्रं भिंतीवर लागतात, वर्तमानपत्रात नाही. राजकीय व्यंगचित्रकाराला नेत्याचं नाक कसंही ओढता येतं, कारण नेता ते चित्र दिवाणखान्यात टांगणार नसतो. आमचं गिऱ्हाईक मात्र रोज त्या चित्रासमोर बसून चहा पिणार. म्हणून ऑर्डर घेताना मी पहिलं विचारतो, चित्र लागणार कुठे आणि देणार कोण.

एका एसटी चालकाच्या निवृत्तीचं काम सांगतो. डेपोतली मंडळी फोनवरचा एक सेल्फी घेऊन आली. “पोट मोठं करा, आणि पुढचा पडलेला दात दिसलाच पाहिजे,” हा आग्रह. मी आधी दुसरा फोटो मागितला. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे सरकतात. त्यावरून काढलं तर माणसाचा नाही, फोनचा चेहरा ताणला जातो. पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर धरून काढलेला फोटो लागतो. जमल्यास हसतानाचा एक आणि बाजूने एक.

मग चेहरा सर्वसाधारण मापाशी ताडून बघायचा. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात, दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढी जागा असते, आणि नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंतच्या अंतरात ओठांची रेघ वरून एक तृतीयांशावर पडते. या चालकाची ती रेघ जवळजवळ मध्यावर होती. म्हणजे नाक आणि ओठ यांच्यामधली लांब जागा, तीच त्यांची ओळख. तिथेच त्यांच्या मिशा होत्या, आणि त्या मिशांना ते रोज तेल लावतात असं डेपोवाल्यांनीच हसत सांगितलं. माणूस ज्याची निगा राखतो ते बिनधास्त वाढवावं, जे हाताने झाकतो त्याला हात लावू नये. दात तिथेच बाद झाला.

ती जागा दीडपट लांब केली, मिशा गालांच्या बाहेर नेल्या. पण एक वाढवलं की दुसरं घटवावं लागतं. पतंगाला ढील देताना चक्रीतला मांजा कमी होतो, तसंच. हनुवटी आखूड केली, कपाळ अरुंद केलं, डोळे थोडे वर सरकवले. सगळंच मोठं केलं तर नुसता फुगवलेला चेहरा मिळतो. ओळखही नाही, गंमतही नाही. कान मुळात बाहेर आलेले होते, तरी ते आहेत तसेच ठेवले. दोन गोष्टी ओढल्या की डोळा कुठे थांबावा ते कळत नाही.

थट्टा की माया, हे नाकामिशांपेक्षा पापण्यांवर जास्त ठरतं. वरची पापणी खाली ओढली की माणूस झोपाळू किंवा लबाड दिसतो. ओठांचा एकच कोपरा वर गेला की कुत्सित. मनापासून हसताना खालची पापणी वर येते आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात बारीक सुरकुत्या पडतात. त्या दोन-तीन रेघा मी कधी गाळत नाही. बाकीच्या सुरकुत्यांवर मात्र कात्री. नाकाच्या बाजूने ओठाकडे उतरणारी घडी पूर्ण रेखाटली तर वय एकदम वाढतं, विशेषतः बायकांचं. सुरुवातीचा छोटा तुकडा पुरतो. दात दिसतच असतील तर एक पांढरी पट्टी, एकेक दात सुटा करायचा नाही. रंग गोरा करून द्या म्हणणारेही येतात. त्यांना मी नाही म्हणतो, कारण तीही एक प्रकारे नापसंतीच झाली.

पोटाचं काय? त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं, प्रश्नच उरला नाही.

रंग भरण्याआधी कच्चं चित्र फोनवर नखाएवढं करून बघतो. तेवढ्यातही माणूस ओळखू यावा. मग ज्याचं चित्र त्याच्या घरातल्या कोणाला तरी, काही न सांगता, दाखवायला देतो. या चालकाच्या नातीने बघितलं, “आबा!” म्हणाली, आणि नंतर, “मिशा केवढ्या!” हा क्रम उलटा झाला असता, तर मिशा कमी करून पुन्हा दाखवलं असतं.

डेपोवाले दाताबद्दल थोडे हिरमुसले. पैसे मात्र पूर्ण दिले.